शेवटच्या रांगेतून ‘घ’ आणि ‘ध’

‘स्लाइडवर 24 पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. पण पॉइंट हे मुळात कागदावरचं माप. त्या 24 पॉइंटचे पडद्यावर किती मिलिमीटर होणार हे पडदा ठरवतो, आणि ते डोळ्याला केवढे दिसणार हे ऐकणाऱ्याची खुर्ची ठरवते. म्हणून एकाच स्लाइडचे दोन-तीन आराखडे समोर असतील, तर निवड शेवटच्या रांगेतून करावी.

डोळ्याला अक्षराची उंची कळत नाही, कळतो तो कोन. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. दृष्टी तपासायच्या तक्त्यात स्नेलेन यांनी 1862 साली निरोगी डोळ्यासाठी धरलेलं अक्षर 5 कलांचं आहे. मात्र ही ओळखण्याची सीमा झाली. तिथे आपण एकेक अक्षर लावत बसतो. सलग, नेहमीच्या वेगाने वाचायला साधारण 12 कला लागतात. त्याखाली गेलं की वाचनाचा वेग झपाट्याने कोसळतो, आणि वर कितीही मोठं केलं तरी वेग फारसा वाढत नाही.

आता प्रत्यक्ष सभागृह घेऊ. पडदा सव्वादोन मीटर उंच, शेवटची रांग 20 मीटरवर. तिथून एक कला म्हणजे पडद्यावरचे 5.8 मिलिमीटर. नेहमीची रुंद स्लाइड 540 पॉइंट उंच असते, म्हणजे एक पॉइंट सुमारे 4.2 मिलिमीटर. पण 24 पॉइंटचं अक्षर 24 पॉइंट उंच नसतं. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार यांना जागा सोडून शिरोरेषेखालचं अंग फॉन्टनुसार जेमतेम निम्मं उरतं. हिशेब केला तर 24 पॉइंटचे होतात साडेआठ कला. 12 कला हव्या असतील तर 34 पॉइंट घ्यावे लागतात.

विषय घेऊ : पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. पहिल्या आराखड्यात 20 पॉइंटमध्ये सात मुद्दे, सत्तरेक शब्द. दुसऱ्यात डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे फिकट आलेख आणि त्यावरचे आकडे 14 पॉइंटमध्ये. तिसऱ्यात वर 40 पॉइंटचं एकच वाक्य, ‘पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो’, खाली स्लाइडभर आलेख, आणि रेषेवरच 36 पॉइंटमध्ये लिहिलेले दोन आकडे : 10 अंश सेल्सियसला लिटरमागे 11.3 मिलिग्रॅम, 30 अंशांना 7.6.

पहिला आराखडा शेवटच्या रांगेत सात कलांचा होतो. वाचता येतो, पण रखडत. वक्ता बोलत असतो आणि सत्तर शब्द लावण्यात गुंतलेल्या माणसाचे कान बंद होतात. दुसऱ्यातले आकडे बरोबर पाच कलांवर येतात, म्हणजे तक्त्याच्या सीमेवर. देवनागरीला ही सीमा आणखी जाचक आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. ती फट बुजली की ‘धन’चं ‘घन’ होतं. तिसऱ्यातलं वाक्य चौदा कलांचं आणि आकडे तेराच्या आसपास. ते सहज वाचले जातात.

इथे कुणीतरी ‘सात अधिक-उणे दोन’चा नियम पुढे करतं : मेंदूला सातच गोष्टी पेलतात, म्हणून सात मुद्दे चालतील. मिलर यांचा 1956 चा तो लेख क्षणिक स्मृतीबद्दल आहे, स्लाइडबद्दल नाही. पडद्यावरचा मजकूर समोरच असतो, तो कुणी पाठ करत नाही. या आकड्याला विज्ञानाचा मुलामा देणं थांबायला हवं.

समतोलासाठी डोळे किलकिले करून पाहा. अक्षरं विरघळतात आणि गडद-फिकट ठोकळे उरतात. दुसऱ्या आराखड्यात डावीकडचा काळा ठोकळा नजर ओढून घेतो आणि जो आलेख दाखवायचा तोच हरवतो. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं वजन नव्हे. सर्वांत जड जागा आणि सर्वांत महत्त्वाची जागा एकच असली पाहिजे.

हे सगळं घरी तपासता येतं. 20 मीटर म्हणजे पडद्याच्या उंचीच्या जवळपास नऊपट. लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर स्लाइड साडेसतरा सेंटिमीटर उंच दिसत असेल, तर दीड मीटरहून किंचित जास्त लांब उभं राहा. शेवटच्या रांगेला अक्षर एवढंच दिसणार आहे. खोलीतला दिवा चालू ठेवून पाहिलं तरी प्रोजेक्टरचा फिकेपणा मात्र लॅपटॉपवर कळत नाही. सभागृहातला उजेड पडद्यावरच्या काळ्यातही मिसळतो. राखाडी अक्षर पांढऱ्याच्या एक दशांश उजेडाचं असलं, आणि पांढऱ्याच्या चतुर्थांशाएवढा बाहेरचा उजेड दोन्हींवर पडला, तर दहास एक हे प्रमाण साडेतीनास एकवर येतं. म्हणून अक्षर काळंच ठेवावं.

तिसऱ्या आराखड्यातही एक खोट निघाली. सपाट जमिनीच्या सभागृहात पुढच्यांची डोकी पडद्याचा खालचा भाग झाकतात, आणि तापमानाचे आकडे नेमके तिथेच होते. आलेख थोडा बुटका करून ती पट्टी वर, वाक्याच्या खाली घ्यावी लागली.