आखूड रेघच का सरकवायची?

कागदावर सारख्या अंतराने आठ उभ्या रेघा काढा. सगळ्या एकाच आडव्या रेषेवर उभ्या आहेत आणि त्यांची उंची डावीकडून अशी आहे: ४, ६, २, १२, १, ३, ११, ५. यातल्या कुठल्याही दोन रेघा निवडायच्या, त्यांना भांड्याच्या दोन भिंती मानायचं आणि मध्ये पाणी भरायचं. भांडं तिरकं करायचं नाही. सर्वांत जास्त पाणी कुठल्या जोडीत मावेल?

मधल्या रेघांचा इथे काहीच अडथळा नाही. त्या पाण्यात बुडाल्या किंवा पाण्यावर डोकावल्या तरी हिशेब तोच राहतो, कारण रेघेला जाडी नाही. (पावसाचं पाणी प्रत्येक खाचेत किती साचेल, हा वेगळा प्रश्न आहे. तिथे मधल्या भिंतींनाच महत्त्व असतं. हे दोन प्रश्न दिसायला इतके सारखे आहेत की एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं जातं.) आपल्या भांड्यात पाणी आखूड भिंतीच्या उंचीपर्यंतच चढतं, त्याच्या वर गेलं की सांडतं. म्हणून पाणी म्हणजे दोन रेघांमधलं अंतर गुणिले त्यांतल्या आखूड रेघेची उंची. पहिली आणि आठवी रेघ घेतली तर अंतर ७, आखूड उंची ४, म्हणजे पाणी २८.

आठ रेघांच्या २८ जोड्या होतात. तेवढ्या हाताने तपासता येतील. पण रेघा एक लाख असतील तर जोड्या ४,९९,९९,५०,००० होतात, म्हणजे जवळपास पाचशे कोटी. प्रोग्रामिंगचा सराव करणाऱ्यांना हा प्रश्न लीटकोडवरचा ११ क्रमांकाचा प्रश्न म्हणून ठाऊक असतो. त्याची झटपट रीतही बहुतेकांना पाठ असते. एक बोट पहिल्या रेघेवर ठेवा, दुसरं शेवटच्या. पाणी मोजा. मग ज्या बोटाखालची रेघ आखूड असेल ते बोट एक घर आत सरकवा. बोटं एकमेकांना भिडेपर्यंत हेच करत राहा आणि वाटेत दिसलेलं सर्वांत मोठं उत्तर लक्षात ठेवा. बोटांना प्रोग्रामर पॉइंटर म्हणतात.

```python
def jast_pani(h):
    i, j = 0, len(h) - 1
    best = 0
    while i < j:
        best = max(best, (j - i) * min(h[i], h[j]))
        if h[i] < h[j]:
            i += 1
        else:
            j -= 1
    return best
```

एक लाख रेघांसाठी ही रीत फक्त ९९,९९९ जोड्या मोजते. बाकीच्या जवळपास पाचशे कोटी जोड्यांकडे ती बघतही नाही. मग त्यांतच उत्तर लपलेलं नाही कशावरून?

याचं जे उत्तर मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे ते असं: ‘आखूड रेघ सरकवली तर पुढे कदाचित उंच रेघ मिळेल, म्हणून ती सरकवायची.’ मला हे उत्तर कधीच पटलं नाही. पुढे उंच रेघ मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी मागे काय सोडून आलो याचा त्यात हिशेबच नाही. नजर पुढे काय मिळणार यावर खिळली आहे, आणि प्रश्न तर मागे काय टाकलं याचा आहे.

तर टाकलं काय ते पाहू. पहिल्या पायरीत डावं बोट ४ उंचीच्या रेघेवर आहे, उजवं ५ उंचीच्या. आखूड रेघ डावीकडची. ती सोडली म्हणजे तिच्या उरलेल्या सहा जोड्या, दुसऱ्या रेघेपासून सातव्या रेघेपर्यंतच्या, न बघताच सोडल्या. त्या सहाही जोड्यांत एक भिंत ४ उंचीची आहे. समोरची भिंत कितीही उंच असली तरी पाणी ४ च्या वर जाणार नाही. समोरची भिंत त्याहून आखूड असेल तर पाणी ४ पर्यंतही पोचणार नाही. आणि अंतर? आठव्या रेघेपर्यंत ते ७ होतं. बाकी सगळ्या आतल्या बाजूला आहेत, म्हणून अंतर फार तर ६. तेव्हा या सहा जोड्यांत जास्तीत जास्त २४ पाणी मावेल. आपल्या हातात आधीच २८ आहे.

प्रत्यक्ष मोजून पाहिलं तर आतून बाहेर येताना त्या जोड्यांचं पाणी ४, ४, १२, ४, १५ आणि २४ भरतं. सातवी रेघ ११ उंच आहे, पण ४ उंचीच्या जोडीदाराबरोबर तिचा काही उपयोग होत नाही.

म्हणजे पहिल्या रेघेला मिळू शकणारा सर्वांत चांगला जोडीदार तिला मिळून गेला आहे. तिची स्वतःची उंची पूर्ण वापरली गेली आणि जोडीदारही शक्य तितका लांबचा होता. याहून चांगलं तिच्याकडून काही निघणार नाही, म्हणून तिला निरोप द्यायचा. मी तर शिकवताना ‘बोट सरकवा’ असं म्हणतच नाही, ‘रेघ खोडा’ म्हणतो. सरकवणं म्हटलं की डोळे पुढे जातात, खोडणं म्हटलं की खोडलेल्या रेघेचा जाब द्यावा लागतो.

आता उलट करून पाहा. उंच रेघ, म्हणजे आठवी, खोडली असती तर? तिची उंची ५, पण पहिलीबरोबरच्या जोडीत पाणी ४ वरच अडलं. म्हणजे तिची पूर्ण उंची अजून वापरलीच गेली नाही. दुसरा कुणी जोडीदार मिळाला तर ती ५ पर्यंत पाणी धरू शकते, त्यामुळे अंतर थोडं कमी झालं तरी फायदा होऊ शकतो. आणि तसंच घडतं: दुसरी (६ उंच) आणि आठवी यांच्यात ६ गुणिले ५, म्हणजे ३० पाणी मावतं. उंच रेघ खोडली असती तर ही जोडी हातची गेली असती. प्रत्येक पायरीला उंच रेघच खोडत गेलो तर या आठ रेघांवर उत्तर २८ वर अडकतं. ते बरोबर उत्तर नाही.

बरोबर रीतीने पुढे जाऊ. दुसरी आणि आठवी, पाणी ३०, आठवी आखूड म्हणून ती खोडली. दुसरी आणि सातवी, अंतर ५, पाणी पुन्हा ३०, आता दुसरी आखूड. तिसरी आणि सातवी, तिसरीची उंची फक्त २, पाणी ८. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. ३० वरून ८ वर आलो, आता उतरतीच लागली असं वाटून थांबावंसं वाटतं. पण कमी पाणी दिसलं याचा अर्थ एवढाच की तिसरी रेघ निरुपयोगी आहे. ती खोडली की चौथी आणि सातवी समोरासमोर येतात, १२ आणि ११, अंतर ३, पाणी ३३. हेच उत्तर. त्यानंतरच्या दोन पायऱ्यांत ६ आणि १ मिळतात आणि बोटं भिडतात.

सात पायऱ्या झाल्या. त्यांत २८ जोड्यांचा निकाल कसा लागला याचा हिशेब मला फार आवडतो. पहिल्या पायरीला पहिल्या रेघेच्या सातही जोड्या निकालात निघाल्या, एक मोजून आणि सहा खोडून. दुसऱ्या पायरीला सात रेघा उरल्या होत्या, तेव्हा आठव्या रेघेच्या सहा जोड्या निकालात निघाल्या. मग पाच, चार, तीन, दोन, एक. बेरीज बरोबर २८. एकही जोडी सुटली नाही आणि एकही दोनदा आली नाही. रेघा कितीही असोत, ही बेरीज अशीच जुळते. कुठल्याही क्षणी थांबून विचारलं तर सर्वोत्तम उत्तर एक तर आपण टिपून ठेवलेलं असतं, नाही तर दोन बोटांच्या मधल्या, बोटांखालच्या दोन धरून, रेघांमध्ये असतं. तिसरी जागाच नाही.

इथे कुणी म्हणेल की ३३ तर सर्वांत उंच दोन रेघांतच मिळालं, मग थेट त्याच का घेऊ नयेत? पहिल्या रेघेची उंची ४ ऐवजी ५ करून बघा. आता पहिली आणि आठवी दोन्ही ५ उंच, अंतर ७, पाणी ३५. उंच जोडी मागे पडली.

याच बदललेल्या उदाहरणात दोन्ही रेघा सारख्या उंचीच्या झाल्या. मग खोडायची कुठली? कुठलीही. दोघींचीही उंची पूर्ण वापरली गेली आहे आणि दोघींनाही सर्वांत लांबचा जोडीदार मिळाला आहे, म्हणून दोन्ही एकदम खोडल्या तरी चालेल. वरच्या कोडमध्ये उजवी खोडली जाते, त्यामागे खास कारण नाही.

कोड लिहिताना होणारी नेहमीची चूक वेगळीच आहे. अंतराऐवजी रेघा मोजल्या जातात आणि `j - i` च्या जागी `j - i + 1` लिहिलं जातं. ती पकडायला १ उंचीच्या दोनच रेघा द्या. उत्तर १ यायला हवं. २ आलं तर चूक तिथेच आहे.

रेघांमधलं अंतर सारखं नसलं तरी वरचा युक्तिवाद टिकतो, कारण आत सरकताना अंतर कमी होत जाणं एवढंच त्याला पुरतं. पाणी आखूड भिंतीवर अडतं, ही अट मात्र काढली की सगळं कोसळतं. समजा खांब तीन आहेत: सुरुवातीला ४ उंचीचा, ९ अंतरावर ६० उंचीचा आणि १० अंतरावर ६ उंचीचा. पाणी भरायचं असेल तर टोकांचे दोन खांब ४० पाणी धरतात. पहिला खांब खोडताना जी जोडी गेली, म्हणजे पहिला आणि मधला, ती फक्त ३६ धरते. खोडणं योग्यच होतं.

आता पाण्याऐवजी दोन खांबांच्या टोकांना तिरकी दोरी ताणा आणि दोरीखालचं क्षेत्रफळ मोजा. ते म्हणजे अंतर गुणिले दोन उंचींची सरासरी. टोकांचे खांब घेतले तर ५०. आखूड म्हणून पहिला खांब खोडला की उरलेल्या दोघांत ३३, आणि रीत ५० हे उत्तर देऊन थांबते. खोडलेल्या जोडीत, ४ आणि ६० उंचीच्या खांबांमध्ये, क्षेत्रफळ २८८ होतं. दोरी आखूड खांबावर अडत नाही, ती उंच खांबाच्या टोकापर्यंत चढते, म्हणून पहिल्या खांबाला मिळू शकणारा सर्वांत चांगला जोडीदार सर्वांत लांबचा नव्हता.