तीन मोबाईलचा गॅदरिंग लाईव्ह आणि एका टाळीचा हिशोब

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, आणि गॅदरिंग जानेवारीत, म्हणजे बरोबर तेव्हा जेव्हा अर्ध्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर गेलेले असतात. लेकरू आजीकडं राहून शाळा करतंय आणि त्याचा नाच बघायला घरचं कोणीच नाही, म्हणून आम्ही कार्यक्रम यूट्यूबवर लाईव्ह दाखवायला लागलो. पहिल्या वर्षी तीन मोबाईल लावले, लॅपटॉपवर सगळे कॅमेरे आणि आवाज एकत्र करून यूट्यूबला पाठवणारं ओबीएस स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, सगळं चालू झालं आणि अर्ध्या तासात फडावरून एका वडिलांचा फोन आला, "सर, लेकरू नाचतंय एकीकडं आन् गाणं वाजतंय भलतीकडंच."

खरं होतं त्यांचं. लेझीम चालू होती, पोरगी लेझीम वर नेते, मी दुसऱ्या मोबाईलवरून तिसऱ्यावर कट मारला की वर गेलेली लेझीम परत खाली दिसते आणि पुन्हा वर जाते. उलटा कट मारला की एक स्टेप मधूनच गायब. नेट स्लो असेल म्हणून मी तेव्हा सोडून दिलं, पण यूट्यूबवर सगळंच पंधरा-वीस सेकंद उशिरा दिसलं तरी काही बिघडत नाही, कारण चित्र आणि आवाज बरोबरीनंच उशिरा पोचतात. गडबड त्याच्या आधी होते, मोबाईलपासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेवर.

मोबाईलचा कॅमेरा चित्र घेतो, मोबाईल ते दाबून लहान करतो, वायफायवरून पाठवतो, लॅपटॉप ते थोडा वेळ साठवून ठेवतो (वायफायवर तुकडे मागंपुढं येतात, ते ओळीत लागावेत म्हणून) आणि मग उलगडून दाखवतो. या प्रत्येक पायरीला काही मिलिसेकंद जातात, आणि जुना मोबाईल, नवा मोबाईल, लांबचा मोबाईल, प्रत्येकाला वेगळे जातात. स्टेजचा आवाज मात्र साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायरनं लॅपटॉपमध्ये जवळजवळ लगेच येतो. म्हणजे आवाज सगळ्यात पुढं आणि तीन चित्रं मागून, तिघांची चाल वेगळी.

आवाज पुढं असणं जास्त खटकतं, त्याला कारण आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मीटरवरचा ढोल आपल्याला ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, त्यामुळं उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. आधी आवाज आणि मग काठी पडली असं मात्र कुठंच होत नाही. टीव्ही प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे आकडे आहेत, आवाज ४५ मिलिसेकंद पुढं गेला की माणसाला कळायला लागतं, पण मागं पडला तर १२५ पर्यंत कळत नाही.

आता जोडणी. मोबाईलमध्ये व्हीडीओ निंजा ही कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपला पाठवणारी फुकट साईट क्रोममध्ये उघडायची, वेगळं ॲप लागत नाही, आणि ओबीएसमध्ये ब्राउझर सोर्स घेऊन त्याच नावाची बघायची लिंक टाकायची. नाव असं ठेवा की दुसऱ्या कोणाला सुचणार नाही, कारण नाव माहीत असेल त्याला चित्र दिसू शकतं.

```
https://vdo.ninja/?push=shala26cam1
https://vdo.ninja/?view=shala26cam1&noaudio
```

पहिली ओळ मोबाईलवर, दुसरी ओबीएसमध्ये. मोबाईल आणि लॅपटॉप एकाच राउटरवर असले की ओळख पटवण्यापुरतं इंटरनेट लागतं, पुढं चित्र सहसा घरच्या घरीच फिरतं. शेवटचं noaudio महत्त्वाचं, नाहीतर तिन्ही मोबाईलचा आवाज मिक्सरच्या आवाजात मिसळतो आणि विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं. सोर्सच्या सेटिंगमध्ये Shutdown source when not visible वर टिक असेल तर काढा, ती राहिली तर प्रत्येक कटला मोबाईल नव्यानं जोडला जातो आणि दोन-तीन सेकंद काळा पडदा. आणि तोच मोबाईल दुसऱ्या सीनमध्ये हवा असेल तर Add Existing करूनच घ्या, नवीन सोर्स बनवला की दुसरं कनेक्शन उघडतं, वायफायवर दुप्पट ओझं आणि त्याचा उशीर परत वेगळाच.

मग टाळी. एका तात्पुरत्या सीनमध्ये तिन्ही मोबाईल शेजारी शेजारी लावले, तिघांची तोंडं स्टेजच्या माईककडं केली, सेकंदाला ३० फ्रेमवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि एका पोराला माईकला अगदी चिकटून तीन टाळ्या वाजवायला लावल्या. माईकजवळच वाजवायच्या, नाहीतर हवेतला उशीर मापात शिरतो. ते रेकॉर्डिंग शॉटकट या फुकट एडिटरमध्ये उघडून टाइमलाईनवर टाकलं की खाली आवाजाची रेघ दिसते, टाळीला ती एकदम उंच उडते. तिथं थांबून उजवा बाण दाबत एक एक फ्रेम पुढं जायचं आणि कोणत्या मोबाईलमध्ये हात किती फ्रेमनंतर भेटतात ते वहीत लिहायचं. एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद.

यंदा आमचं असं आलं, पहिला मोबाईल ८ फ्रेम मागं, दुसरा ५, तिसरा (जुना, मागच्या बाकावरचा) १२. जो मागं आहे त्याला पुढं ओढता येत नाही, त्याच्यासाठी बाकीच्यांना थांबवावं लागतं, बैलजोडीत मंद बैलाच्या चालीनं चालतात तसं. म्हणजे तिसऱ्याला काहीच नाही, पहिल्याला ४ फ्रेम म्हणजे १३३ मिलिसेकंद, दुसऱ्याला ७ म्हणजे २३३, आणि आवाजाला पूर्ण १२ म्हणजे ४००. मोबाईलच्या सोर्सवर राईट क्लिक, Filters, Render Delay, तिथं आकडा टाकायचा. आवाजासाठी Advanced Audio Properties मध्ये Sync Offset. परत टाळी वाजवून बघितलं तर तिन्ही हात एकाच फ्रेमला, एखादी फ्रेम इकडंतिकडं, आणि तेवढं चालतं. Render Delay ५०० च्या वर जात नाही, तेवढा फरक येत असेल तर आकडे लावत बसू नका, त्या मोबाईलचंच काहीतरी बिघडलंय, पेज बंद करून परत उघडा.

पण हे माप कायमचं नाही. दुपारी रिकाम्या मैदानात केलेलं माप संध्याकाळी गाव जमलं की सरकतं, कारण समोर पाचशे माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, काहींचे हॉटस्पॉट चालू. २.४ गिगाहर्ट्झवर ही गर्दी आणि माणसाचं अंगही सिग्नल पितं, तुकडे उशिरा यायला लागले की लॅपटॉप आपला साठा आपोआप वाढवतो आणि तो मोबाईल अजून मागं पडतो. म्हणून राउटर आम्ही मंडपाच्या बांबूला डोक्याच्या वर बांधतो, ५ गिगाहर्ट्झ वापरतो, आणि यूट्यूबकडं जाणारं नेट चौथ्या मोबाईलवरून यूएसबी केबलनं लॅपटॉपला देतो. कॅमेऱ्याचे मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू, कारण मध्येच कोणाचा फोन आला की कॅमेरा थांबू शकतो.

आणि सत्काराच्या वेळी, जेव्हा नाच नसतो, मी बाजूला रेकॉर्डिंग चालू ठेवून सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीला माईकजवळ टाळ्या वाजवायला सांगतो, "जोरदार टाळ्या" म्हणताना ती तशीही वाजवतेच. यंदा त्या टाळीत तिसरा मोबाईल १२ वरून १५ वर गेलेला सापडला, म्हणजे बाकी तिन्ही आकड्यांत शंभर शंभर वाढवायचे, २३३, ३३३ आणि ५००. पुढचा आयटम लेझीमचा होता, तो सुरू व्हायच्या आत आकडे टाकून झाले.