नऊ बारचा दाब आणि दोन फुटांचा ओटा

इंदिरानगरमधल्या आमच्या वन बीएचकेत ओट्याची मोकळी जागा जेमतेम दोन फूट. मिक्सर आणि वॉटर फिल्टर यांच्यामध्ये काय बसेल, असं बघत कॉफी मशीन शोधायला लागलो तेव्हा कळलं की कॅप्सूल, बीन-टू-कप आणि हाताची एस्प्रेसो ही एकाच यंत्राची छोटी-मोठी रूपं नाहीत. दाब कोणी द्यायचा आणि बिया कोणी दळायच्या, या दोन प्रश्नांची ती वेगवेगळ्या काळात निघालेली उत्तरं आहेत.

मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात बॉयलरमधली वाफच पाणी कॉफीतून ढकलत असे. वाफेचा दाब दीडेक बार, म्हणजे फार नाही. पण तेवढ्या दाबाचं पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जातं आणि कॉफी करपते. हा पेच अकिले गाज्जियाने १९४८ च्या सुमारास सोडवला. पाणी तापवायचं काम बॉयलरकडे ठेवलं आणि दाबायचं काम स्प्रिंगच्या पिस्टनला दिलं. बारटेंडर दांडा खाली ओढे, स्प्रिंग सुटताना पाण्यावर आठ-नऊ बार दाब देई. त्या दाबाने कॉफीवर पहिल्यांदाच तपकिरी फेस आला. गाज्जियाने त्याचीच जाहिरात केली, ‘क्रेमा’ म्हणून. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. नऊ बार हा आकडा तेव्हापासून ठरल्यासारखाच झाला.

दाबाचं निस्तरलं, तरी दळणं राहिलंच होतं. एस्प्रेसोचं दळण इतकं बारीक लागतं की ग्राइंडरचा एक खटका पुढे-मागे झाला तरी चव बदलते, आणि दळलेल्या पुडीचा सुवास काही मिनिटांतच उडायला लागतो. १९७६ मध्ये नेस्लेच्या एरिक फाव्हरने घरातून हे दळणंच काढून टाकलं. पाच-सहा ग्रॅम पूड कारखान्यात दळून ॲल्युमिनियममध्ये हवाबंद करायची, आणि यंत्राने फक्त भोक पाडून गरम पाणी दाबायचं. ते विकायला १९८६ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी इटलीत साएको कंपनीने उलटी वाट धरली होती. ‘सुपरऑटोमॅटिका’त ग्राइंडर, पंप आणि चोथा टाकायचा डबा सगळं एकाच पेटीत; बिया वर टाका, बटण दाबा.

लहान घरात या तिन्हींच्या अडचणी त्यांच्या जन्मकथेतूनच येतात. कॅप्सूलचं यंत्र ओट्यावर वीतभर जागा घेतं, पण वापरलेल्या कॅप्सूलच्या पोटात ओला चोथा आणि बाहेर धातू. आमच्या घंटागाडीत ओलं आणि सुकं वेगळं द्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक कॅप्सूल फोडून चोथा काढायचा. बीन-टू-कपला जागा लागतेच, शिवाय आतल्या भागावर चोथा ओला राहतो. पावसाळ्यात तो भाग चार दिवस धुतला नाही तर बुरशीचा वास येतो. तेलकट, काळ्या भाजलेल्या बिया ग्राइंडरला चिकटतात. आणि फिल्टर कॉफीच्या पुडीतली चिकोरी तिन्हींपैकी कशातही नको, ती चिकट होऊन वाट बुजवते. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर बॉयलर असलेल्या यंत्रातही तो बसणार, हे आधीच धरून चालावं.

दिवसाला दोनच कप होणार म्हणून मी हाताच्या दांड्याचं, बॉयलर नसलेलं यंत्र घेतलं. ४६ मिमी व्यासाच्या पिस्टनवर नऊ बार म्हणजे साधारण दीडशे किलोंचा जोर. दांडा तो सातआठ पट वाढवत असल्याने हाताला वीसेक किलोच लागतो. गॅसवर पाणी उकळायचं, हातग्राइंडरने १६ ग्रॅम बिया दळायच्या, पूड सपाट दाबायची. यंत्राचा वरचा भाग आधी उकळत्या पाण्याने गरम केला नाही तर कॉफी आंबट लागते.

पहिल्या दिवशी ३२ ग्रॅम कॉफी बारा सेकंदांत धो-धो खाली आली, पातळ आणि खारट-आंबट. म्हणजे दळण जाड. दोन खटके बारीक केल्यावर दांडा हलेचना, थेंब-थेंब पडून चव कडू. मधला एक खटका धरला, अठ्ठावीस सेकंद लागले. तेव्हा मधासारखी धार आली. बियांचं नवं पाकीट उघडलं की हे सगळं पुन्हा करायचं, हेच या यंत्राचं खरं भाडं. आणि २५० ग्रॅमच्या पाकिटात पंधराच कप होतात, दोन नासले तर तेरा.

वाफ नसल्याने दुधाचा फेस मात्र होत नाही. साय बाजूला काढून दूध गॅसवर तापवतो आणि रवीने दोनदा घुसळतो.