नागिणीचा विळखा पुरा का होत नाही

"नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो." गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात शेजारच्या मामांच्या घरी हे वाक्य ऐकलं. मामांचं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं. सोमवारी त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. पित्त असेल म्हणून दोन दिवस गेले. बुधवारी त्याच जागी पाण्यानं भरलेले फोड आले आणि कण्यापासून बेंबीकडे पट्टा उमटला. घरच्यांनी काव लावून घेतली. पट्टा बेंबीजवळ थांबला, तेव्हा सगळे म्हणाले, उतारा पडला.

पण तो तिथं थांबणारच होता. नागीण होते लहानपणीच्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना संवेदना वाहणाऱ्या नसांच्या छोट्या गाठी असतात, तिथं तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या नसेच्या धाग्यावरून त्वचेकडे निघतो. वाटेत नस सुजते, म्हणून फोडांआधी आग होते. प्रत्येक गाठीकडे शरीराचा एकच पट्टा असतो, तोही आपल्याच बाजूचा. डावीकडच्या नसा वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या. म्हणून नागीण मध्यरेषेशी अडते. क्वचित फोड अंगभर पसरतात. तेव्हा प्रतिकारशक्ती फार खालावल्याची शंका घ्यावी लागते. तोंड-शेपटीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कावेनं मामांचा वेळ खाल्ला, याचं मला फार वाईट वाटतं. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं विषाणूला नव्या प्रती काढू देत नाहीत. झालेली इजा मात्र ती भरून काढत नाहीत. म्हणून फोड दिसल्यापासून 72 तासांत ती सुरू व्हायला हवीत. मामांसाठी ही मुदत शनिवारी संपली. ते डॉक्टरांकडे गेले पुढच्या सोमवारी. नवे फोड अजून येत होते, म्हणून डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी करून व्हॅलासायक्लोव्हिर दिलं: 1 ग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. वेळेत घेतल्यानं फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीच्या वेदना कमी होतात. नंतरची नसदुखी टळेलच, अशी हमी मात्र हे औषधही देत नाही.

खपल्या फेब्रुवारीत पडल्या. एप्रिल संपत आला तरी मामांना बनियनचा स्पर्श निखाऱ्यासारखा लागतो. दुखावलेली नस कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहते. तीन महिन्यांनंतरही टिकलेल्या या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. मामांना रात्री थोड्या प्रमाणात गॅबापेंटिन दिलंय, आता डोस हळूहळू वाढवताहेत. गुंगी येते, चालताना तोल जातो, म्हणून मामी रात्री दिवा चालू ठेवतात.

फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, तर मात्र 72 तासांचाही हिशोब करत बसू नका. तीच नस डोळ्यालाही जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.