पगारपत्रकाचे प्रमाणपत्र: ते काय सांगते, काय नाही

तुमच्या कंपनीत पगार करणाऱ्या एचआर असिस्टंटकडे पगारपत्रकाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. आमच्या वर्गाचे प्रमाणपत्रही त्याला अपवाद नाही, आणि ते दाखवून तपासणीत कोणी सूट देत नाही. उमेदवाराने कोणते हिशेब स्वतः करून दाखवले, एवढेच त्यावरून कळते. म्हणून आम्ही परीक्षेत व्याख्या विचारत नाही, एका कामगाराचा पगार काढायला देतो.

नेहमीचा प्रश्न 2024 सालचा. पुण्याजवळच्या कारखान्यात एका महिला ऑपरेटरचे एप्रिलमधले वेतन 20,500 रुपये होते. जुलैपासून ते 22,000 झाले. ईएसआय या कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा 21,000. बरेच जण जुलैतच तिची कपात थांबवतात, आणि चूक इथेच होते. ईएसआयचे अंशदान एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाहीने चालते. मध्येच मर्यादा ओलांडली तरी ती सहामाही संपेपर्यंत अंशदान भरावेच लागते, तेही 21,000 वर नव्हे, पूर्ण 22,000 वर. कामगाराचा वाटा 0.75 टक्के म्हणजे 165 रुपये आणि मालकाचा 3.25 टक्के म्हणजे 715 रुपये.

कपात थांबवली तर तीन महिन्यांचे 2,640 रुपये थकतात आणि त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज लागते. पगार देताना न कापलेला कामगाराचा वाटा पुढच्या पगारातून वळता करता येत नाही, तो कंपनीच्याच खिशातून जातो. रक्कम किरकोळ वाटेल. पण पगारवाढ एकाच वेळी पंधरा-वीस जणांना मिळते, तेव्हा हीच चूक तितक्या जणांच्या नावावर होते.

याच प्रश्नात दुसरी मर्यादाही तपासतो. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या 22,000 वर कपात शून्य. तेवढ्याच पगाराच्या पुरुषाचे मात्र दरमहा 200 रुपये कापायचे, आणि फेब्रुवारीत 300. सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्याचे लिंग चुकीचे भरले असेल तर ही चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

उदाहरण जुने घेण्याला कारण आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतन’ कशाला म्हणायचे हेच बदलले. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. त्यामुळे कोणतेही प्रमाणपत्र हातात आले की आधी तारीख बघा. ते या तारखेआधीचे असेल, तर उमेदवाराला तुमच्याच एका पगाराची स्लिप देऊन ‘यात वेतन किती?’ एवढे विचारा. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही आम्ही हाच प्रश्न पुन्हा सोडवायला बोलावतो.