√12 च्या जोडीला √18 की √27? एका विस्ताराची कोटी 4, दुसऱ्याची 2

एमएस्सीच्या अल्जेब्राच्या पेपरात, नेट-सेटच्या तयारीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात समोर येतोच: परिमेय संख्यांच्या फील्डला, म्हणजे Q ला, दोन वर्गमूळं जोडली की तयार होणाऱ्या विस्ताराची कोटी किती? बरेच जण प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर लिहितात. पहिल्या वर्गमुळाचे 2, दुसऱ्याचे 2, टॉवर लॉ लावला, 2 गुणिले 2, चार. बहुतेक वेळा उत्तर बरोबरही येतं, आणि त्यामुळेच त्यामागची चूक वर्षानुवर्षं तशीच राहून जाते.

ती चूक नेमकी कुठे आहे हे पाहायला दोन विस्तार शेजारीशेजारी ठेवू.

K = Q(√12, √18)
L = Q(√12, √27)

वरवर पाहता दोन्हींत फरक करायला जागा नाही. तिन्ही वर्गमुळं अपरिमेय आहेत. 12, 18, 27 या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत आणि त्यांतली एकही पूर्ण वर्ग नाही. तरीही K ची कोटी 4 आहे आणि L ची 2.

आधी टॉवर लॉ काय म्हणतो ते नीट पाहू, कारण तो अर्धवट लक्षात राहतो. एकात एक बसणारी तीन फील्ड्स घ्या: तळाला F, मध्ये E, वर M. E वरून पाहिलं तर M ची कोटी एक येते, F वरून पाहिलं तर E ची कोटी दुसरी येते. या दोन कोटींचा गुणाकार म्हणजे F वरून M ची कोटी:

[M : F] = [M : E] · [E : F]

याचं कारणही सरळ आहे. E चा F वरचा बेसिस घ्या, M चा E वरचा बेसिस घ्या, आणि पहिल्यातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्यातल्या प्रत्येक घटकाने गुणा. हे सगळे गुणाकार मिळून M चा F वरचा बेसिस होतो. म्हणून घटकांच्या संख्यांचा गुणाकार.

आता सूत्रातला पहिला अवयव पाहा. तो [M : E] आहे, म्हणजे दुसरी पायरी मधल्या मजल्यावरून मोजायची आहे. आपल्या उदाहरणात मधला मजला Q(√12) आहे. घाईघाईत 2 गुणिले 2 लिहिणारा √18 ची किंवा √27 ची कोटी Q वरून मोजतो आणि ती मधल्या मजल्यावरची म्हणून सूत्रात घालतो. हे दोन आकडे वेगळे असू शकतात, आणि माझ्या मते या विषयात नव्या माणसाचं घोडं सर्वांत जास्त वेळा इथेच अडतं. √27 ची Q वरची कोटी 2 आहे, कारण x² − 27 चे परिमेय सहगुणकांत अवयव पडत नाहीत. पण मजला वर चढलो की वापरायला नवे सहगुणक मिळतात, आणि जे अवयव खाली पडत नव्हते ते वर पडू शकतात.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो: दुसरं वर्गमूळ Q(√12) मध्ये आधीपासूनच आहे का? असेल तर वरची पायरी 1 ची, नसेल तर 2 ची. तिसरी शक्यता नाही, कारण ते वर्गमूळ x² − 18 किंवा x² − 27 अशा दुसऱ्या कोटीच्या बहुपदीचं मूळ आहे.

K पासून सुरुवात करू. Q(√12) मधली प्रत्येक संख्या a + b√12 अशी लिहिता येते, a आणि b परिमेय. समजा √18 तिथे आहे:

√18 = a + b√12

दोन्ही बाजूंचा वर्ग केला की

18 = a² + 12b² + 2ab√12

इथे तीन वाटा फुटतात. a आणि b यांपैकी एकही शून्य नसेल, तर 2ab ने भागून √12 परिमेय ठरतं, ते शक्य नाही. b शून्य असेल, तर √18 = a म्हणजे √18 परिमेय, तेही शक्य नाही. उरली शेवटची वाट, a शून्य. मग √18 = b√12, म्हणजे b² = 18/12 = 3/2. दोन्ही बाजूंना 4 ने गुणलं तर (2b)² = 6, आणि 6 हा कुठल्याही परिमेय संख्येचा वर्ग नाही. तिन्ही वाटा बंद. √18 मधल्या मजल्यावर नाही, म्हणून वरची पायरी 2 ची. खालची पायरी 2 ची आहेच, कारण √12 अपरिमेय आहे. गुणाकार 4.

L साठी हेच गणित शब्दन् शब्द पुन्हा लिहा, फक्त 18 च्या जागी 27. पहिली वाट त्याच कारणाने बंद. दुसरीही त्याच कारणाने बंद. तिसरीत मात्र b² = 27/12 = 9/4 येतं आणि b = 3/2 मिळतो. वाट उघडी आहे:

√27 = (3/2)√12

√27 नवं काही आणतच नाही. Q(√12) वर x² − 27 चे अवयव (x − (3/2)√12)(x + (3/2)√12) असे सरळ पडतात. वरची पायरी 1 ची, गुणाकार 1 गुणिले 2, म्हणजे 2.

दोन्ही गणितं शेवटच्या वाटेपर्यंत हुबेहूब सारखी चालतात आणि तिथेच वेगळी होतात. वहीत पहिल्या दोन वाटा लिहून "म्हणून विरोधाभास" असं म्हणून थांबणारे पुष्कळ दिसतात. a शून्य असण्याची शक्यता त्यांनी तपासलेलीच नसते, आणि निकाल ठरतो तो तिथेच.

याच वाटेवरून झटपट चाचणीही मिळते. पूर्ण वर्ग नसलेल्या m आणि n साठी n/m हा परिमेय संख्येचा वर्ग असेल तर कोटी 2, नाहीतर 4. भागाकाराऐवजी गुणाकार पाहिला तरी चालतं, कारण mn = m² · (n/m). 12 · 27 = 324, म्हणजे 18 चा वर्ग. 12 · 18 = 216, हा पूर्ण वर्ग नाही. बेसिस लिहितानाही तेच दिसतं. K मध्ये 1, √12, √18 आणि त्यांचा गुणाकार √216 = 6√6 हे चार घटक बेसिस होतात. L मध्ये तशीच यादी केली तर चौथा घटक 18 येतो, म्हणजे चक्क परिमेय संख्या. ती 1 च्या पटीत आहे, तेव्हा ही यादी बेसिस असूच शकत नाही.

चाचणी m आणि n चा सामाईक अवयव पाहत नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. 6 आणि 10 मध्ये 2 सामाईक आहे, पण 60 पूर्ण वर्ग नाही, म्हणून Q(√6, √10) ची कोटी 4. चिन्हही सोडून चालत नाही. √3 आणि √−3 एकाच 3 पासून आलेली दिसतात, पण त्यांच्या आतल्या संख्यांचा गुणाकार −9 आहे आणि तो परिमेय संख्येचा वर्ग नाही. म्हणून तिथेही कोटी 4, आणि त्या फील्डमध्ये i सुद्धा येऊन बसतो. पाया बदलला की मात्र उत्तर बदलतं. Q ऐवजी Q(i) वरून सुरुवात केली तर −9 = (3i)² हा वर्ग होतो, आणि √3 व √−3 जोडून मिळणाऱ्या विस्ताराची कोटी 2 वर येते.

आता आणखी एक रस्ता, जिथे गफलत जास्त फसवी असते. काही जण टॉवर लॉ बाजूला ठेवून दोन वर्गमुळांची बेरीज घेतात आणि तिची बहुपदी काढतात. K साठी α = √12 + √18. वर्ग केला की α² = 30 + 12√6. 30 डावीकडे नेऊन पुन्हा वर्ग केला की

α⁴ − 60α² + 36 = 0

चौथ्या कोटीची बहुपदी आली, म्हणून विस्ताराची कोटी 4, असा निष्कर्ष काढला जातो. उत्तर बरोबर, युक्तिवाद अपुरा. L साठी तीच कृती करून पाहा. β = √12 + √27, त्याचा वर्ग β² = 39 + 2√324. √324 ची किंमत न काढता 39 डावीकडे नेलं आणि वर्ग केला, तर

β⁴ − 78β² + 225 = 0

हीसुद्धा चौथ्या कोटीची. पण तिचे अवयव पडतात: (x² − 75)(x² − 3). β म्हणजे 2√3 + 3√3 = 5√3, म्हणून तो पहिल्या अवयवाचं मूळ आहे, आणि त्याची कोटी 2 आहे. दोनदा वर्ग करण्याच्या कृतीतून चौथी कोटी येणारच. फील्डबद्दल ती काही सांगत नाही. बहुपदीचे अवयव पडत नाहीत हे दाखवल्याशिवाय या रस्त्याने काहीच सिद्ध होत नाही.

K च्या बाबतीत ते दाखवण्याचं काम टॉवर लॉ फुकटात करून देतो, आणि मला त्याचा हा उपयोग फार आवडतो. (√18 + √12)(√18 − √12) = 6, म्हणून √18 − √12 = 6/α. म्हणजे α हाताशी असला की ही वजाबाकीही Q(α) मध्ये मिळते, आणि बेरीज-वजाबाकीवरून √12, √18 दोन्ही सुटतात. तेव्हा Q(α) म्हणजेच K. K ची कोटी 4 आहे हे आपण आधीच दाखवलं आहे. म्हणून α ला चौथ्यापेक्षा लहान कोटीची परिमेय बहुपदी शून्य करूच शकत नाही, आणि x⁴ − 60x² + 36 चे अवयव पडणार नाहीत. वेगळी खटपट करावी लागत नाही.

दोनऐवजी तीन वर्गमुळं आली तर जोडीजोडीची चाचणी पुरत नाही. √6, √10, √15 घ्या. 60, 90, 150 यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही, म्हणजे कुठलीही जोडी घेतली तरी कोटी 4. सवयीने तिन्हींची कोटी 8 लिहावीशी वाटते. पण √6 · √10 = √60 = 2√15, म्हणून √15 हे Q(√6, √10) मध्ये आधीच हजर आहे. तिसरी पायरी 1 ची, एकूण कोटी 4. इथे तिसऱ्या वर्गमुळाची तुलना √6 शी आणि √10 शी सुटी सुटी करून भागत नाही. ते Q(√6, √10) या अख्ख्या मजल्यावर आहे का, हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी 15, 15 · 6, 15 · 10 आणि 15 · 60 या चारही संख्या तपासायच्या. पहिल्या तीन पूर्ण वर्ग नाहीत; 15 · 60 = 900 मात्र 30 चा वर्ग आहे.