नावातला जादा A कुठून आला?

लग्नानंतर आडनाव बदललं, की अंकशास्त्री आधी नव्या नावाच्या इंग्रजी अक्षरांना अंक देऊन त्यांची बेरीज करतात. बेरीज पटली नाही, तर पहिल्या नावात एखादं अक्षर वाढवायला सांगतात. संसारात सूर जुळावा, हा त्यामागचा हेतू. हा सल्ला प्राचीन विद्येचा म्हणून दिला जातो, पण त्याचा आजचा साचा शंभरेक वर्षांपूर्वीचा आहे.

तो मुख्यतः कीरो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या आयरिश हस्तसामुद्रिकाचा. खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर (1866–1936). 1926 साली आलेल्या त्याच्या अंकांवरच्या पुस्तकातलं कोष्टक आजही ‘खाल्डियन पद्धत’ म्हणून वापरलं जातं. त्यात A, I, J, Q, Y यांना 1. B, K, R यांना 2. C, G, L, S यांना 3. D, M, T यांना 4. E, H, N, X यांना 5. U, V, W यांना 6. O, Z यांना 7. आणि F, P यांना 8. नऊ हा अंक पवित्र, म्हणून तो कुठल्याच अक्षराला दिलेला नाही.

खाल्डियन म्हणजे बाबिलोनकडचे, आणि तिथे मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरं उमटवत. रोमन लिपीचा तिथे संबंध नाही. कोष्टक नीट पाहिलं तर बहुतेक अक्षरांचे अंक हिब्रू अक्षरांच्या संख्यामूल्यांशी जुळतात. हिब्रूत क 20, ल 30, म 40; शून्य काढलं की K, L, M चे 2, 3, 4 मिळतात.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजा, NEHA JOSHI ची जन्मतारीख 15, म्हणजे 1 आणि 5 मिळून मूलांक 6. NEHA ची बेरीज 16, JOSHI ची 17, मिळून 33, म्हणजे 3 आणि 3 मिळून नामांक 6. मूलांक आणि नामांक एकच. शिवाय कीरो दोन आकडी बेरजेचंही वेगळं फळ सांगतो, आणि 33 ला तो 24 चंच फळ देतो: मोठ्यांचा आधार, प्रेमातून लाभ. लग्नानंतर ती NEHA KULKARNI झाली. KULKARNI चे 22, एकूण 38, त्याचे 11 आणि 11 चे पुन्हा 2, म्हणजे नामांक 2. इथे 38 ला 29 चं फळ आहे: अनिश्चितता, बेभरवशाचे मित्र आणि भिन्नलिंगी व्यक्तीकडून फसवणूक. नव्या नवरीच्या घरच्यांना हे ऐकवलं, तर स्पेलिंग बदलायला कोण नाही म्हणेल?

उपाय म्हणून NEHAA. एकूण 39, नामांक 3. कीरोच्या मते 3, 6, 9 हे एकमेकांशी जुळणारे अंक, त्यामुळे तिचा मूलांक 6 आणि नवा नामांक 3 एका गटात आले. नवऱ्याची तारीख 12 असेल तर त्याचाही मूलांक 3, मग सल्ला आणखी ठाम होतो. 39 चं फळ मात्र बेताचंच आहे, ना शुभ ना अशुभ. ते बहुधा सांगितलं जात नाही.

दुसरा प्रवाह अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीच्या एल. डाऊ बॅलिएट या बाईंनी प्रत्येक अंकाचं आणि नावाचं स्वतःचं ‘कंपन’ असतं, ही मांडणी लोकप्रिय केली. त्यातून जी पद्धत रुजली, तिला पायथागोरसचं नाव लागलं. त्यात A ते I ला 1 ते 9, J पासून पुन्हा 1. पायथागोरस ग्रीक, इंग्रजी वर्णमालेचा हा क्रम त्याचा असणं शक्यच नाही. या कोष्टकात NEHA JOSHI ची बेरीज 44 आणि NEHA KULKARNI ची 53. दोन्हींचा नामांक 8. म्हणजे लग्नाने काहीच बिघडलं नाही, उलट NEHAA केल्याने नामांक 9 होतो. त्याच बाईला एका कोष्टकाने औषध दिलं, दुसऱ्याच्या मते आजारच नव्हता.

या अमेरिकी प्रवाहातले बरेच जण जन्मावेळचं पूर्ण नावच मूळ मानतात. लग्नानंतरच्या नावाचा परिणाम वरवरचा, असं त्यांचं म्हणणं. कीरो मात्र माणूस ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव मोजायला सांगतो. स्पेलिंग बदलण्याला खरं बळ इथून मिळालं, कारण रोजचं नाव बदलता येतं.

कंपनांचा युक्तिवादही मला लंगडा वाटतो. NEHA आणि NEHAA हाक मारताना सारखंच ऐकू येतं आणि देवनागरीत दोन्ही ‘नेहा’च. मग बदललं ते फक्त कागदावरचं अक्षर. आणि कागदावर तरी कुठे सरसकट बदलतं? सही नव्या स्पेलिंगची, पासपोर्ट जुन्या, बँकेचं खातं माहेरच्या आडनावाचं, अशी सरमिसळ सर्रास दिसते. खटके चालूच राहिले, तर ‘नवं स्पेलिंग अजून सगळीकडे लागलेलं नाही’ हे उत्तर तयार असतं. बरं चाललं, तर श्रेय त्या A चं.